सहीच्या वरचं पान

मुलींच्या वसतिगृहात वाय-फाय यावं म्हणून रोहिणी खिल्लारे वर्षभर भांडल्या होत्या. गंगाखेडच्या त्या कॉलेजात मुलांच्या वसतिगृहाला ते आधीच मिळालं होतं. मुलींना कशाला हवं, असं मीटिंगमध्ये हसत हसत विचारलं जायचं. खिल्लारेबाई वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मुलींच्या वॉर्डनही होत्या. शेवटी एकदाची मंजुरी आली, एका खाजगी एजन्सीनं गॅलऱ्यांमध्ये छताला पांढऱ्या चकत्या बसवल्या, आणि नोंदणी कशी करायची त्याची सूचना लिहायचं काम बाईंच्याच गळ्यात पडलं.

बाईंनी ती मन लावून लिहिली. एजन्सीच्या माणसाला समोर बसवून एकेक गोष्ट विचारून घेतली, स्वतःच्या फोनवर करून पाहिली, मग साध्या मराठीत उतरवली. प्रत्येकीला दोनच उपकरणं नोंदवता येतील, एक मोबाईल आणि एक लॅपटॉप. प्रत्येक उपकरणाला वाय-फायचा स्वतःचा एक पत्ता असतो. अंक आणि इंग्रजी अक्षरं मिळून दोन-दोनच्या सहा जोड्या. तो पत्ता कॉलेजच्या पोर्टलवर आपल्या हजेरी क्रमांकासमोर स्वतः भरायचा, ऑफिसनं मंजूर केला की जोडणी सुरू. नवे फोन दर नेटवर्कला खरा पत्ता लपवून बनावट पत्ता दाखवतात, त्यामुळं नोंदवलेला एक आणि पोचलेला दुसरा असं होऊन फोन बाहेरच राहतो. म्हणून सेटिंगमध्ये वसतिगृहाच्या वाय-फायपुरतं ते लपवणं बंद करायचं. आपला पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, हॉटस्पॉट करून बाहेरच्याला नेट द्यायचं नाही. कोणतं उपकरण कधी जोडलं आणि कोणत्या साइटवर गेलं याची नोंद कॉलेजकडं राहील; तुमचे मेसेज, तुमचे फोटो कुणालाही दिसणार नाहीत. आणि सगळ्यात शेवटी, जाड अक्षरात: नोंदणीसाठी फोन कुणाच्याही हातात द्यावा लागत नाही.

सूचना दोन पानांची झाली. पहिल्या पानावर रीत, दुसऱ्यावर वेळा, दंड आणि बाईंची सही. ती ऑफिसात देऊन बाई प्रॅक्टिकल परीक्षेच्या ड्यूटीवर पूर्ण्याला गेल्या.

परत आल्या तेव्हा दुपार होती. वसतिगृहाच्या पायऱ्यांवर चार-पाच मुली नुसत्या बसल्या होत्या. एकीच्याही हातात फोन नाही, हे बाईंना आधी जाणवलं आणि कारण मागून कळलं. त्यांनी विचारलं, तर एकमेकींकडं बघत मुली म्हणाल्या की फोन ऑफिसात जमा आहेत, सूचनेत तसंच लिहिलंय.

बाई बोर्डासमोर जाऊन उभ्या राहिल्या. दुसरं पान त्यांचं होतं, सही त्यांची होती. पहिलं पान त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सर्व विद्यार्थिनींनी आपापले मोबाईल ऑफिसात जमा करावेत, मोबाईलला चिठ्ठी चिकटवून तीवर नाव व लॉक उघडण्याचा पिन लिहावा, नोंदणी करून मोबाईल दुसऱ्या दिवशी परत मिळतील, असं त्यावर होतं. मेसेज आणि फोटोंची ओळ गायब होती. जाड अक्षरातली ओळही गायब होती. दोन्ही पानं एकाच पिनेनं टाचलेली होती, आणि सगळं मिळून खिल्लारेबाईच बोलतायत असं वाटत होतं.

बाईंनी पान ओढलं, ते पिनेपाशी फाटलं, तसंच हातात घेऊन त्या ऑफिसकडं निघाल्या.

ऑफिसात बेकरीच्या पावाचा असतो तसला प्लास्टिकचा क्रेट टेबलावर होता आणि तो फोनांनी भरलेला होता. प्रत्येक फोनच्या पाठीवर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि पिन. काही पिनांकडं बघूनच कळत होतं की तो मुलीचा वाढदिवस आहे. एजन्सीचा जीवन नावाचा माणूस एक फोन हातात घेऊन खुर्चीत रेलून बसला होता. त्याचा अंगठा वर-खाली फिरत होता. पत्ता बघायला एवढं फिरावं लागत नाही.

"ठेवा तो," बाई म्हणाल्या.

त्यानं ठेवला. स्क्रीनवर एका लग्नातले फोटो होते.

कार्यालय अधीक्षक बन्सीधर शिराळे आतल्या टेबलावर होते. नोकरीत मुरलेला माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. ते सांगू लागले की बाईंनी लिहिलेली रीत चांगली होती, पण पोरींना जमली नसती. शून्याच्या जागी ओ लिहिणार, बनावट पत्ता भरणार, मग एजन्सी परत परत हेलपाटे घालणार. त्यापेक्षा एका झटक्यात सगळे फोन घेऊन माणसाकडूनच भरून घेतलं तर काय बिघडलं? बाई पूर्ण्याला होत्या, विचारायला वेळ नव्हता, म्हणून पहिलं पान त्यांनी टाईप करून घेतलं.

"फोन करायला वेळ नव्हता?"

"मॅडम, एवढं मनावर घेण्यासारखं काय हाय त्यात? लेकरंच हायत आपली."

"मग मुलांच्या वसतिगृहात फोन जमा केले होते का?"

शिराळ्यांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडं केला.

बाई बाहेर आल्या आणि क्रेट उचलू लागल्या. तो जड होता. जीवन मदतीला उठला तर त्याला त्यांनी हातानंच खाली बसवलं. क्रेट कमरेला टेकवून त्या पटांगणातून वसतिगृहात आल्या, मेसच्या टेबलावर तो ठेवला, आणि मुलींना बोलावून एकेकीचा फोन तिच्या हातात दिला. चिठ्ठ्या स्वतः सोलून काढायला लावल्या आणि पिन आत्ताच्या आत्ता बदला म्हणून सांगितलं.

तळाला एक फोन उरला. चिठ्ठीवर राजेश्रीचं नाव होतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची, पालमकडच्या एका खेड्यातली मुलगी. बाईंनी तिच्याबद्दल विचारलं. एकीनं सांगितलं की तिचे वडील आलेत, ती खोलीत बॅग भरायलीय.

झालं होतं ते असं. जीवननं राजेश्रीचा फोन उघडला तेव्हा वर्गातल्या नागेशचा मेसेज आला होता. त्यानं तो वाचला, मग मागचेही वाचले. तिनं त्याला लिहिलं होतं त्यात फारसं काही नव्हतं. पुढं एम.एस्सी. करायची आहे, घरात उन्हाळ्यात लग्नाचं घाटतंय, अर्ज गुपचूप भरणार आहे, तू कुणाला सांगू नकोस, एवढंच. जीवननं ते शिराळ्यांना दाखवलं. शिराळ्यांची आणि तिच्या वडिलांची सोयरिकीतली ओळख. त्यांनी त्याच दिवशी फोन करून सांगितलं की पोरीवर लक्ष द्या.

राजेश्रीचा फोन घेऊन बाई खोलीत गेल्या तेव्हा वडील, दिनकरराव, दाराजवळच्या लोखंडी खाटेवर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. राजेश्री कपाटातली पुस्तकं पिशवीत कोंबत होती. तिनं बाईंकडं पाहिलं नाही.

बाई दिनकररावांना सांगू लागल्या की जे कुणी वाचलं त्याला वाचायचा अधिकार नव्हता, ऑफिसची चूक आहे, त्याची शिक्षा मुलीला देऊ नका, परीक्षा तोंडावर आली आहे. दिनकररावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, चूक कुणाची का असंना," ते म्हणाले. "गावात शिराळ्याचे पाव्हणे हायत. आज त्याला ठावं, उद्या समद्याला. आमी तोंड कुठं लपवावं?"

"लपवायसारखं तिनं काय केलंय?"

"ते मला बी ठावं हाय, तिनं काय केलं न्हाई. पण म्या गावातच ऱ्हातो."

बाईंना आणखीच राग आला. त्या राजेश्रीकडं वळल्या. म्हणाल्या, तू तरी बोल, तुला जायचं नाही हे सांग यांना. राजेश्रीनं पिशवी खाली ठेवली.

"मी पिन देणार नव्हते, मॅडम," ती म्हणाली. "शेजारची म्हणाली, देऊ नको. पण खाली तुमची सही होती. मी म्हटलं, खिल्लारे मॅडमनी सांगितलंय म्हणजे काही होणार नाही."

एवढं बोलून तिनं फोन बाईंच्या हातातून घेतला, आणि बापलेक पालमच्या गाडीसाठी निघून गेले.

त्या संध्याकाळी बाईंनी प्राचार्यांकडं लेखी तक्रार दिली. सही माझी आणि मजकूर दुसऱ्याचा, ही फसवणूक आहे, असं त्यात सरळ लिहिलं. प्राचार्य कॉलेजच्या नावाबद्दल बोलू लागले, पेपरात गेलं तर काय, नवे प्रवेश जवळ आलेत वगैरे. बाई म्हणाल्या की तुम्ही काही केलं नाही तर उद्या सगळ्या मुली सह्या करून पोलीस ठाण्यात जातील आणि पुढं मी असेन. धमकी देताय का, असं त्यांनी विचारलं. बाई हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपली मूळ सूचना हातानं लिहून काढली आणि दोन्ही पानांवर सही करून बोर्डाला लावली. मग मेसमध्ये बसून मुलींची नोंदणी करून घेतली. फोन मुलींच्याच हातात राहिले. बाई फळ्यावर पायऱ्या लिहीत गेल्या: वाय-फायच्या नावावर दाबा, प्रायव्हसीत जा, फोनचा खरा पत्ता निवडा, खाली जो दिसेल तो पोर्टलवर भरा. काहींनी खरंच शून्याच्या जागी ओ लिहिला. या पत्त्यात एफच्या पुढचं अक्षर येतच नाही, म्हणजे ओ दिसला की ते शून्यच, असं सांगितल्यावर त्यांनी दुरुस्त केलं. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. बाईंना समाधान वाटायला हवं होतं. पण एवढंसंच काम होतं हे, आणि त्यासाठी तो क्रेट भरला होता, हे राहून राहून त्यांच्या डोक्यात जात होतं.

चौकशी झाली. एजन्सीनं जीवनला काढून दुसरा माणूस पाठवला. शिराळ्यांना समज देणारं पत्र मिळालं. ते त्याच खुर्चीवर राहिले आणि बाईंना रोज आधी नमस्कार घालू लागले. बाईंनाही एक पत्र मिळालं, कार्यालयाची सूचना परवानगीशिवाय फाडल्याबद्दल. त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही.

राजेश्रीसाठी बाई दोनदा पालमला जाऊन आल्या. पहिल्यांदा दिनकररावांनी चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्यांदा तिची आई मध्ये पडली, परीक्षा तर देऊ दे म्हणाली. लग्नाचं काय ते परीक्षेनंतर बघू, इथवर गोष्ट आली. परीक्षेच्या आठवड्यात राजेश्री वसतिगृहात परतली.

बाई तिच्या खोलीत गेल्या. म्हणाल्या, तुझी नोंदणी राहिलीय, इथंच करून टाकू, मी फोनला हातही लावणार नाही. राजेश्री वही मांडीवर घेऊन बसली होती.

"नको मॅडम," ती म्हणाली. "मी माझाच डेटा वापरते."

बाईंनी समजावलं की नेटचा खर्च वाचेल, अर्जही इथूनच भरता येईल. ती ऐकत होती, मान हलवत होती, पण तिनं फोन उशीखालून काढला नाही. बाई तिला अभ्यास करू दे म्हणून दार ओढून घेऊन खाली आल्या.