भज्यांखालचा कागद

तिसगावात रंभाजी वीस वर्षं पेपर वाटत होता, शिवाय एका पेपरला गावच्या बातम्याही पाठवायचा. कोणता पेपर कोणता, हे तो नावाच्या अक्षरांवरून लांबूनच ओळखायचा. आणि ह्याच शहाण्यानं मोबाईलवर आलेला, भज्यांत झुरळ असलेला फोटो भामाबाईच्या गाड्यावरचा म्हणून छापून आणला. दोन दिवसांत गाड्याकडं कुणी फिरकेना.

चौथ्या दिवशी भामाबाई तोच अंक घेऊन त्याच्या दारात उभी राहिली.

"मला वाचाया येत न्हाई, पन रोज तुझ्याच रद्दीत भजी बांधते. ह्या फोटूतल्या भज्यांखालचा कागद बघ. अक्षरं गोल गोल हायेत, वरची रेघच न्हाई. आपल्याकडचा पेपर हाय का ह्यो?"

रंभाजीनं मोबाईलमधला मूळ फोटो मोठा करून पाहिला. पेपरचं नाव कानडीत होतं. त्याखाली बारीक इंग्रजीत हुबळी आणि २०१९ सालची तारीख. भामाबाईचा गाडा तर गेल्या दिवाळीत लागला होता.

"मावशी, चुकलो. माफी छापतो," तो पुटपुटला.

"छाप की. पन त्या दिवशी उरलेल्या अंकांचा गठ्ठा तूच मला रद्दीत दिलास. माझीच बदनामी मी भज्यांभवती गुंडाळून माझ्या हातानं वाटली." तिनं तेलकट अंक त्याच्या उंबऱ्यावर ठेवला. "गठ्ठा देताना तुला ठावं हुतं ना रं, मला वाचता येत न्हाई त्ये?"