मी भुशाची फळी, आबांच्या कपाटातली

मी फळी बोलतेय. सागवानी वगैरे काही नाही. लाकडाचा भुसा डिंकात कालवून दाबला, वर लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवला, की मी तयार. वयानं लहान आहे. पण ज्या दिवसापासून या कपाटात अडकवली, त्या दिवसापासून म्हाताऱ्यांचं ओझं वाहतेय.

कोल्हापुरात एका पेठेत, तालमीच्या बोळात, एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर हे काचेच्या दारांचं कपाट आहे. कपाटाच्या माथ्यावर पाटी आहे, ‘कै. आबासाहेब यांच्या स्मरणार्थ’. पाटी अस्सल सागवानाची, अक्षरं कोरून काढलेली. नावाला सागवान आणि पुस्तकांना भुसा. माणसांचा हिशोब मला तिथंच कळला.

आबासाहेब म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष गणपतराव यांचे वडील. त्यांनी आपली पुस्तकं वाचनालयाला दिली, आणि तिथूनच एक खुळी रीत सुरू झाली. पुस्तकं विषयावर लावायची नाहीत, देणाऱ्याच्या नावावर लावायची. वरच्या दोन फळ्या आबासाहेबांच्या. खालच्या दोन उपाध्यक्ष हंबीरराव यांच्या वडिलांच्या. आबांचा इतिहास वर, हंबीररावांचा इतिहास खाली, आणि दोन्हींच्या मधे आबांची वैद्यकी. हंबीररावांना आपलं नाव खाली आलं हे आयुष्यभर सललं. मेलेल्या माणसांच्या उंचीवरून जिवंत म्हातारे भांडत होते, आणि मधे, वरून दुसरी, मी वाकत होते.

मी वाकत होते हे संयोगिताला दिसत होतं. संयोगिता इथली ग्रंथपाल. रीतसर शिकून आलेली, तिशीतली, कमी बोलणारी. दोनदा गणपतरावांना म्हणाली, “अण्णा, ही फळी मधोमध खाली आलीया. हिला मधे आधार द्या, नाहीतर जड पुस्तकं तळाला घ्या.”

“आबांची पुस्तकं तळाला?” गणपतराव म्हणाले. “उद्या आबांना पायताणाजवळ बसवशील.”

मग गणपतरावांच्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ निघाला. गुळगुळीत कागद, पानापानांवर हार घातलेले फोटो, एकेक प्रत विटेसारखी. विकला गेला नाही, म्हणून उरलेल्या प्रती कपाटात आल्या. अर्थातच माझ्यावर, आबांच्या शेजारी. संयोगिता नको म्हणत असताना गणपतरावांनी स्वतःच्या हातानं त्या कोंबल्या.

त्याच संध्याकाळी माझ्या डाव्या टोकाखालची खुंटी सटकली. मी एका अंगानं कोसळले. खालची फळी माझ्या भारानं गेली, तिच्याखालचीही गेली, आणि हादऱ्यानं वरचीही निसटली. दारं उघडून सगळी पुस्तकं माडीवर सांडली आणि मी त्या ढिगाखाली पालथी पडले.

आवाज ऐकून पहारेकरी पिराजी वर आला, मागोमाग संयोगिता. गणपतराव खाली बैठकीतच होते. जिना चढून आले, धापा टाकत ढिगाकडं बघितलं आणि पहिलं वाक्य काय बोलले? “ह्या फळीनं घात केला.”

ढिगाखालून मी ऐकत होते. तोंड असतं तर घात कुणी केला ते सांगितलं असतं.

“उद्या सकाळी आबांची पुण्यतिथी हाय,” ते संयोगिताला म्हणाले. “पावणं येणार. तवर कपाट जसं हुतं तसं उभं पायजे. आबांची वर, त्येंची खाली.”

“कुठलं पुस्तक कुणाचं, हे कसं ओळखायचं अण्णा? पुस्तकांवर तसं काही लिहिलेलंच नाही.”

“तुला पगार कशाचा देतोय?” असं म्हणून ते गेले.

पिराजीनं ढिगाभोवती एक फेरी मारली. “ताई, घमेलं आणू का? भरून भरून वर टाकू. काच लावली की पावण्यांला काय कळतंय?”

“मामा, घमेलं नको. जुनी सतरंजी आणा, आणि जोडीला सुती नाडी.”

मला वाटलं, ही पहिल्यांदा मला मोकळी करेल. नाही केलं. माझ्यावर हात टाकून ओढलं असतं तर वरच्या पुस्तकांचे पुठ्ठे तुटले असते. म्हणून ती वरून एकेक उचलत राहिली. पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवून नाही, दोन्ही हातांत मधे धरून. सतरंजीवर आडवी ठेवली, लहान चळतींत, मोठं खाली आणि लहान वर. पिराजीनं एक पुस्तक तिरकं टेकवलं तेव्हा म्हणाली, “तसं ठेवलं की पाठ मोडते त्याची. आडवं निजवा.”

“माझीबी मोडलीया, मला कोण निजवतंय?” पिराजी म्हणाला. दोघंही हसले. मी तेवढा वेळ अडकलेलीच.

सुटलेली पानं तिनं चिकटपट्टीनं जोडली नाहीत. चिकटपट्टी कालांतरानं पिवळी पडते आणि कागदच खाते. पान ज्या पुस्तकाचं, त्यात आकड्यानं नीट घातलं आणि पुस्तक चारही बाजूंनी नाडीनं बांधलं, गाठ पानांच्या कडेला, पाठीवर नाही. धूळ मऊ कुंचल्यानं झाडली, पुस्तक घट्ट मिटून, पाठीकडून बाहेर. कसर लागलेली पुस्तकं वेगळी काढून खिडकीजवळ ठेवली, इतरांना लागू नये म्हणून.

मग मला ओढून भिंतीला उभी केली. अंगावरचा भार पहिल्यांदाच उतरला होता. पण वाकलेली पाठ तशीच होती. भार गेला तरी आकार राहतो, हे म्हाताऱ्यांना कुणी सांगावं?

पाठीवरच्या चिठ्ठ्या बऱ्याच गळून पडल्या होत्या. तरी बहुतेक पुस्तकांत वर्गांक, म्हणजे विषयाचा आकडा, टिकून होता. कारण संयोगितानं नोकरीला लागल्यावर पुस्तकांच्या जागा न हलवता, कुणाला न सांगता, नावाच्या पानामागं पेन्सिलीनं तो लिहून ठेवला होता. चिठ्ठी गळते, पेन्सिल राहते. जिथं नावाचं पानच फाटलं होतं तिथं ती आतलं ठरावीक पान उघडायची. वाचनालयाचा शिक्का एका ठरलेल्या पानावर मारलेला असतो, त्यात दाखल क्रमांक असतो, आणि तो दाखल वहीत शोधला की पुस्तकाचं नाव सापडतं. पुस्तकाचं तोंड गेलं तरी पोटातल्या खुणेवरून ते कोण ते कळतं.

पुस्तकं ओळखता येत होती. पण देणारा कोण, हे कुठंच नव्हतं, वहीतला तो रकानाही कोराच होता. ते फक्त जागेवरून कळायचं, आणि जागाच कोसळली होती.

ती सतरंजीवर बसली. हाताची बोटं काळी झाली होती. पिराजी म्हणाला, “अंदाजानं लावा की ताई. जाड ती अण्णांची, फाटकी ती हंबीररावांची.”

तिनं मान हलवली. मला तिचा चेहरा दिसत होता. रोज लोक येतात, पुस्तक मागतात, आणि हिला ‘सापडत नाही’ म्हणावं लागतं. पुस्तक कपाटात असतं, पण कुठल्या आबाच्या कुठल्या रांगेत, हे देवालाही ठाऊक नसतं. हिनं एवढं शिकून काय केलं? माझ्यासारखंच. दोन खुंट्यांवर पडून दुसऱ्यांचं नाव पेललं.

“मामा,” ती उठली, “आकड्यानं लावू.”

“अण्णा खवळतील.”

“खवळू दे.”

मग ती खाली बसून चळतींतून विषयवार ढीग करू लागली. आबांचा इतिहास आणि हंबीररावांचा इतिहास पहिल्यांदा एका ढिगात आला. धर्म, भाषा, वैद्यकी, शेती, कविता, नाटक, कादंबरी. प्रत्येक ढिगात पुन्हा आकड्यांची ओळ. टिंबापुढचे आकडे सरळ संख्येसारखे वाचायचे नसतात, एकेक घर पुढं जायचं असतं. ९५४.७९ आधी येतं, ९५४.८ नंतर. पिराजीनं उलटं लावलं.

“एकोणऐंशी मोठं की आठ?” त्यानं विचारलं.

“टिंबानंतर पहिलं घर बघा. सात आणि आठ. सात आधी.”

“माझ्या जल्मात एकोणऐंशी आठाच्या आधी आलं न्हाय,” तो म्हणाला, पण पुस्तक हलवलं.

आकडा सारखा असला की लेखकाच्या नावाच्या अक्षरावरून. गळालेल्या चिठ्ठ्यांच्या जागी आकडा लिहिलेल्या नव्या चिठ्ठ्या पाठीवर डकवल्या. गौरवग्रंथाच्या प्रतींतली एक तिनं चरित्रांत ठेवली. बाकीच्या कोपऱ्यात थप्पी लावून झाकल्या.

शेवटी माझी पाळी आली. तिनं मला उलटी केली. वाकलेली फळी उलटवून बसवतात, पोट वर आणि पाठ खाली. भार पडला की ती हळूहळू सरळ होते. मधे खाली एक लाकडी ठोकळा लावला, खुंट्या ठोकून पाहिल्या. मी पुन्हा त्याच दोन भिंतींत. खरं सांगते, मला नको होतं. भिंतीला उभी होते तेवढा वेळ मला वाटलं होतं, आता टाकून देतील, कुणाच्या तरी परड्यात जाऊन पडेन, पाऊस पिईन, फुगेन, फुटेन. पण मोकळी असेन.

मोठे जाड ग्रंथ तळाच्या फळीवर आडवे गेले. माझ्यावर शेती आणि धंद्यांची पातळ पुस्तकं आली. गच्च नाही, दोन्हीकडून बोटं शिरतील एवढी सैल, आणि उजवीकडं पुढच्या पुस्तकांसाठी रिकामी जागा.

सकाळी म्हातारे आले. गणपतरावांनी वरची फळी बघितली, मग खालची. “आबांची कुठं हायत?”

“आपापल्या जागी,” संयोगिता म्हणाली.

हंबीरराव मिशीत हसले. मग इतिहासाची एकच रांग दिसली, म्हणजे दोघांचे वडील एकाच ओळीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. हसू गेलं. “आमच्या दादांला ह्यांच्या मांडीवर बसवलं व्हय?”

इतक्या वर्षांत हे दोघं पहिल्यांदा एका बाजूला उभे राहिले. ते तिच्याविरुद्ध.

“पुन्हा लाव,” गणपतराव म्हणाले.

“कुठली तुमची, तुम्ही दाखवा. मी उचलून देते.”

दोघंही काचेजवळ गेले. बराच वेळ पाठी वाचत राहिले. एकही पुस्तक ओळखलं नाही, कारण दोघांनीही एकही उघडलं नव्हतं. जिन्यावर पावण्यांची पावलं वाजली. हार घालून झाला, चहा झाला. आणि मग गणपतरावांनी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. “आता ह्याला कुणी हात लावायचा न्हाय.”

तेव्हापासून मी कुलपात आहे. काचेतून माडी दिसते, खिडकी दिसते, खिडकीतून तालमीचं छप्पर दिसतं. संयोगिता समोरच्या टेबलावर बसते. नोकरी सोडली नाही. मला तिचा राग येतो, आणि मग माझाही येतो.

पण मागच्या आठवड्यात कुरुंदवाडची एक पोरगी आली. तेजस्वी नाव. घरचं गुऱ्हाळ आहे, रसायनाशिवाय गूळ करायचा म्हणत होती. जुनं पुस्तक हवं होतं. पूर्वीही एकदा येऊन ‘सापडत नाही’ ऐकून गेलेली. या वेळी संयोगितानं मागणीची चिठ्ठी भरून घेतली आणि पिराजीबरोबर गणपतरावांकडं पाठवली. पुस्तक आहे, माझ्यावरच, डावीकडून काही अंतरावर, काचेतून आकडा वाचता येतो. आता ‘सापडत नाही’ म्हणायची सोय राहिली नव्हती. सभासदाला नाही म्हणायला नियमही नव्हता. म्हातारा एवढा जिना चढून आला, धापा टाकत कुलूप काढलं, पुस्तक दिलं, पुन्हा लावलं.

मला तुमची दया नको. दयेनं फळी सरळ होत नाही. तुम्ही या, चिठ्ठी भरा, काहीही मागा. शेतीचं मागा, वैद्यकीचं मागा. म्हाताऱ्याला रोज जिना चढवा. कंटाळून एक दिवस तो किल्ली टेबलावर ठेवून जाईल. आणि नाही गेला, तरी एकेक पुस्तक बाहेर पडलं की माझ्या अंगावरचं तेवढं वजन उतरतं. त्या दिवशी ते गुळाचं पुस्तक गेलं. पातळच होतं. पण मला कळलं.