पंचाहत्तर अधिक पंचाहत्तर

०.५०.

वहीचा कागद चौपन्न ग्रॅमचा. मुखपृष्ठाचा दोनशे वीस.

"पत्रा म्हणजे पत्रा हो, वहिनी."

गेल्या वर्षी अकराशे डझन वह्या फुगल्या. पाव फुगतो तशा.

पेपरवेट म्हणून निळा तुकडा बरा, राखाडी अधिक बरा. का बरा, हे मला दुपारपर्यंत कळलं नाही.

सकाळी दहा वाजता मी एका माणसाला नकार कळवला. आभारासहित.

आता नीट सांगते.

आमचा वह्यांचा कारखाना. छप्पर वीस मीटर लांब, दोन उतार, प्रत्येक उतार सहा मीटरचा. जोडांतून गळतं. कागदाचा ट्रक नऊ दिवसांनी येणार, शाळांची मागणी त्याच कागदावर. यंदा एक डझन जरी फुगली तरी शाळांचं काम दुसऱ्याकडे जाणार. हे त्यांनी तोंडावर सांगितलंय. हसत सांगितलंय, ते जास्त झोंबलं.

नव्या छपराची कोटेशनं तीन. ज्याने ज्या रंगाचा पत्र्याचा नमुना दिला, तो रंग हेच त्याचं नाव: निळा, लाल, राखाडी. लालने जाडीच्या रकान्यात "चांगली जाड" असं लिहिलं होतं. लाल गेला.

जाडी

निळा: ०.५० मिमी. राखाडी: ०.४५ मिमी.

"बघा," भाऊजी म्हणाले. माझे धाकटे दीर. निळा त्यांचा शाळेतला बाकसोबती. "आकडा बोलतो. तुम्हीच म्हणता ना, आकड्याला नातं नसतं?"

"म्हणते."

"मग?"

"मग खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

"चष्मा घरी राहिला."

त्यांचा चष्मा नेहमी घरी राहतो.

कोटिंग

(ही ओळ मी सकाळीच उरकली होती. उरकली म्हणजे चुकवली.)

पत्र्यावर ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप असतो, गंज अडवायला. तो ग्रॅममध्ये मोजतात, दर चौरस मीटरला. ग्रॅम म्हटलं की आम्ही घरचे. कागद हातात घेऊन डोळे मिटून वजन सांगणारी माणसं आम्ही. निळ्याने लिहिलं होतं १५०. राखाडीने लिहिलं होतं "७५ + ७५". आम्ही मुखपृष्ठाचा कागद घेतो तेव्हा लेप एका बाजूचाच बोलतात. दहा म्हणजे अलीकडे दहा, पलीकडे दहा. म्हणून मी वाचलं: निळ्याचा एका बाजूला दीडशे, राखाडीचा पंचाहत्तर. निम्मा! लाल पेनाने काट मारली, नकार पाठवला, चहा प्यायले. चहा चांगला झाला होता, याचा आता राग येतो.

वॉरंटी

निळा: पंचवीस वर्षं, ठळक अक्षरांत. "पंचवीस!" भाऊजी म्हणाले. "तोवर मी म्हातारा होईन."

"तोवर कशाला," बाइंडरकाका शिलाईच्या मशीनवरून म्हणाले. तीस वर्षं ते इथे वह्या बांधतात आणि कुणालाही सोडत नाहीत.

मी पान उलटलं. पंचवीस वर्षं फक्त पत्र्याला आरपार भोक पडलं तर. दरवर्षी भरपाई कमी कमी होत जाणार. उतरवायची-चढवायची मजुरी आपली. स्क्रू एक वर्ष. आणि मग: "गळती या वॉरंटीत समाविष्ट नाही."

"भाऊजी, आपण छप्पर कशासाठी बदलतोय?"

"गळतं म्हणून."

"मग हे वाचा."

"चष्मा..."

बाइंडरकाकांनी स्वतःचा चष्मा काढून त्यांच्या नाकावर बसवला. भाऊजींनी वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "छापखान्याची चूक असेल."

त्याच पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणखी एक ओळ होती. मी ती मोठ्याने वाचली आणि मधेच थांबले.

"लेप: १५० ग्रॅम, दोन्ही बाजू मिळून."

दोन्ही बाजू मिळून.

म्हणजे पंचाहत्तर अधिक पंचाहत्तर.

"काय झालं, बाई?" काकांनी विचारलं.

"काही नाही. दीडशे आणि दीडशे सारखे असतात, एवढंच." कागदवाली शहाणी! कागदाची गोष्ट लोखंडाला लावली आणि खरं लिहिणाऱ्यालाच काट मारली.

जाडी, पुन्हा

निळ्याच्या ०.५० च्या खाली होतं: "एकूण, रंगासह." राखाडीच्या ०.४५ पुढे होतं: "मूळ पोलाद, लेप व रंग सोडून." सकाळी मी ते वाचलं होतं. वाचलं होतं, पण लाल पेन हातात होतं.

आमच्याकडे कागदाची जाडी मोजायचं गेज आहे. दोन्ही तुकडे त्याखाली धरले, सपाट भागावर, तीन-तीन ठिकाणी. निळा: ०.५०. राखाडी: ०.५२, ०.५३, ०.५२.

कमी लिहिणारा जास्त भरला. निळ्यातून लेप आणि रंग वजा केला तर पोलाद ०.४२ च्या आसपास उरतं.

"गेज बिघडलं असेल," भाऊजी म्हणाले.

"याच गेजवर तुम्ही परवा कागदवाल्याशी भांडलात."

त्यांनी राखाडी तुकडा स्वतः गेजखाली धरला. असं फार वेळा होत नाही.

स्क्रू

निळा: ९००. राखाडी: १५००, आणि शेजारी हिशेब.

मी वर बघितलं. पत्रा ज्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर बसतो त्या बारा. प्रत्येक पट्टीवर पत्र्याचे ऐंशी उंचवटे. बारा ऐंशी नऊशे साठ. निळ्याचे स्क्रू पट्ट्यांनाच पुरत नव्हते, मग पत्र्याला पत्रा जिथे चढतो त्या जोडांना काय, पिठाची खळ लावणार? राखाडीने जोडांसाठी चारशे छप्पन्न वेगळे लिहिले होते, वर दोन उतार मिळतात तिथल्या टोपीसाठी चौऱ्याऐंशी. गळतं कुठून? जोडांतून.

आणि त्याची वॉरंटी पाच वर्षं. फक्त पाच. पण गळतीची, मजुरीसह, स्वतःच्या सहीने. सकाळी मला ती दरिद्री वाटली होती.

"मित्राला काय सांगू मी?" भाऊजी म्हणाले. आवाज खरंच उतरला होता.

"सांगा, वहिनी खडूस आहे."

"ते त्याला माहीत आहे."

मग फोन. नकार देणं सोपं, तो परत घेताना जीभ जड होते. मी राखाडीवाल्याला सगळं सांगितलं, लाल पेनासकट.

"पंचाहत्तर अधिक पंचाहत्तर, मॅडम. मी दीडशे लिहायला हवं होतं का?"

"नाही. मी विचारायला हवं होतं."

"तुमची तारीख मी दुपारी दुसऱ्याला दिली. आता एकवीस दिवसांनी."

नऊ आणि एकवीस. बारा दिवसांचा फरक, एका सकाळच्या काटेचा. भाऊजींनी फोन घ्यायला हात पुढे केला; निळा उद्या येऊ शकत होता, हे त्यांना बोलावं लागलं नाही.

मी फोन ठेवला नाही. म्हटलं, एकवीसवा दिवस लिहून घ्या. मग कागदवाल्याला फोन करून ट्रक दोन आठवडे पुढे ढकलला. त्याने वाढीव भाडं मागितलं, दिलं. शाळांना उशिराचं पत्र मी हाताने लिहिलं. चुकलं कुणाचं, तेही लिहिलं. पहिला फोन रागाचा आला, दुसरा अजून यायचाय.

संध्याकाळी जाताना भाऊजी निळा तुकडा घेऊन गेले. राखाडी आता मुखपृष्ठांच्या गठ्ठ्यावर आहे.

मोजमापाच्या दिवशी तिघेही आले होते; शिडी लावून छपरावर एकच जण चढला होता.