जावेच्या पाळीचा हेवा

माणसाला कशाचा हेवा वाटेल याला काही धरबंध नाही. घरातल्या मोठ्या सुनेला धाकट्या जावेच्या पाळीचा हेवा वाटत होता. ही गोष्ट सांगायची कुणाला?

धाकटीची पाळी म्हणजे घरात आणीबाणीच असे. सकाळपासून ती पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून पलंगावर, सासूबाई चहा घेऊन दाराशी आणि धाकटा दीर चेहरा पाडून गोळ्या आणायला निघालेला. "ताई, जीव नकोसा झालाय गं," धाकटी कण्हायची. "सहा दिवस नुसता पूर. तू सुखी बाई, तुला कटकटच नाही!"

मोठी तोंडभर हसायची आणि आतल्या आत जळून खाक व्हायची.

तिची कटकट चौदा महिन्यांपूर्वी संपली होती. दहाव्या आठवड्यात गर्भ गेला, क्युरेटिंग झालं. थोडं आत राहिलं म्हणून दहा दिवसांनी पुन्हा झालं. त्यानंतरची पहिली पाळी म्हणजे तपकिरी डाग, एक दिवस. दुसरी त्याहून कमी. मग काहीच नाही. मात्र दर महिन्याला ठरल्यासारखी कंबर दुखायची, छाती जड व्हायची, ओटीपोटात कळ यायची. सगळी तयारी व्हायची आणि पुढे काहीच घडायचं नाही.

आणि ती काही अडाणी नव्हती. पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली नऊ वर्षं तंत्रज्ञ होती. स्वतःचं रक्त तिने सहकारिणीकडून काढून घेतलं, नळीवर स्वतःच्या हाताने लेबल लावलं, मशीनमध्ये स्वतःच ठेवलं. थायरॉईड ठीक, प्रोलॅक्टिन ठीक, बीजकोषाचे आकडे तर एखाद्या विशीतल्या मुलीला शोभावेत असे. कळ येण्याच्या आठवडाभर आधी तपासलेल्या प्रोजेस्टेरॉनवरून तर बीज सुटतंय हेही दिसत होतं.

"रिपोर्ट उत्तम आहेत," तिचे डॉक्टर म्हणाले होते. पाळी आणायच्या गोळ्या त्यांनी दिल्या. गोळ्या संपल्या तरी काही आलं नाही. "ताण घेऊ नका. मन शांत ठेवा, येईल."

मन शांत ठेवायचं म्हणजे काय करायचं, ते त्यांनी लिहून दिलं नव्हतं.

मग एके दिवशी तिच्या टेबलावर धाकटीचीच नळी आली. हिमोग्लोबिन सात पूर्णांक आठ, असायला हवं बारा. मोठीने आकडा पाहिला आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा: इतकं वाहून जातंय हिचं, आणि मला एक थेंब नाही. काळजीचा विचार दुसरा आला. दोन विचारांत किती वेळ गेला हे तिला नेमकं आठवत होतं आणि त्याचीच लाज पुढे कितीतरी दिवस टोचत राहिली.

त्या संध्याकाळी धाकटी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. ओठ पांढरे पडलेले. "तुला बरं आहे ताई..." तिने नेहमीचं सुरू केलं, आणि मोठीचा तोल गेला.

"बरं? काय बरं आहे माझं? माझं मूल गेलं, मागोमाग पाळी गेली. तुझं रडगाणं महिन्याच्या महिन्याला ऐकून मला काय होतं, हे कधी विचारलंस? तुझी कटकट दे मला. खुशाल दे!"

धाकटी बघतच राहिली. "म्हणजे... अजून येतच नाही? मला वाटलं, तू काही गोळ्या घेतेस म्हणून कमी येते."

"येतच नाही."

दोन दिवस जावाजावांत अबोला. तिसऱ्या दिवशी धाकटी येऊन म्हणाली, "मी नव्या डॉक्टरबाईंची वेळ घेतलीय. तू चल सोबत. रक्ताचे रिपोर्ट तुलाच नीट सांगता येतील."

मोठी गेली. मनात म्हटलं, चला, हिच्या पुराच्या कौतुकाला अजून एक श्रोता.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बोलायला तुटक. त्यांनी धाकटीला तपासलं, सोनोग्राफी केली. गर्भपिशवीच्या पोकळीत सुपारीएवढी गाठ निघाली. दुर्बिणीने काढता येईल म्हणाल्या. धाकटी उठता उठता थांबली. "बाई, आमच्या ताईंचं माझ्या अगदी उलट आहे. त्यांनाही बघाल का?"

मोठीला धरणी दुभंगावी असं झालं. पण डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं होतं. "कधीपासून कमी झाली?"

"क्युरेटिंगनंतर. दोनदा झालं."

"हार्मोन्स?"

"सगळे ठीक आहेत. मीच तपासलेत."

"दर महिन्याला पोट दुखतं?"

"घड्याळ लावावं तसं."

डॉक्टरबाई सरळ बसल्या. "मग तुमचे बीजकोष आपलं काम चोख करताहेत. निरोप येतोय, पण अस्तर वाढायला जागाच उरलेली नाही. पिशवी खरवडताना अस्तराचा खालचा थर दुखावला की समोरासमोरच्या भिंती चिकटतात. रक्तात याचा पत्ता लागत नाही. पोकळीत पाहावं लागतं."

"म्हणजे ताण वगैरे...?"

"ताणाने भिंती चिकटत नाहीत."

चौदा महिन्यांत पहिल्यांदाच मोठीला आपलं दुखणं मनाचे खेळ नव्हते असं वाटलं. तिथेच, जावेसमोर, ती घळाघळा रडली.

पिशवीत सलाईन सोडून पुन्हा सोनोग्राफी झाली. पाणी एका कोपऱ्यातच थबकलं. मग दोघींच्या दुर्बिणीच्या तारखा एकाच आठवड्यात लागल्या. धाकटीची गाठ अर्ध्या तासात निघाली आणि ती संध्याकाळी घरी आली. मोठीच्या चिकटलेल्या भिंतींमधले पडदे कापायला दोन बैठका लागल्या. बारीक कात्रीने पांढरे पट्टे कापून भिंती सुट्या केल्या, त्या पुन्हा चिकटू नयेत म्हणून आत आठवडाभर छोटा फुगा ठेवला, नंतर अस्तर वाढायला इस्ट्रोजेनच्या गोळ्या. सहा आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तर एका बाजूला जरा चिकटलेलंच होतं, ते परत सोडवलं. 'हिचं सगळं सोपं, माझं सगळं अवघड,' हा काटा तेव्हाही होताच. हेवा काही दुर्बिणीने निघत नाही.

शेवटच्या गोळ्या संपल्यावर चौथ्या दिवशी, लॅबमध्ये नमुने लावता लावता तिला कळलं. बाथरूममध्ये जाऊन पाहिलं. लाल. तपकिरी नव्हे, लाल. ती तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेरून सहकारिणीने दोनदा हाक मारली.

अडीच दिवस टिकली. पूर्वी पाच दिवस यायची. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं: मूल होईलच असं नाही, झालं तर वार घट्ट चिकटण्याची भीती असते, तेव्हा पहिल्या दिवसापासून देखरेख लागेल. मोठीने ते नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आधी तू बरी हो. बाकीचं नंतर बघू."

धाकटीला मात्र ती गच्चीत कपडे वाळत घालताना सगळं बोलली. सात पूर्णांक आठ पाहिल्यावर आधी काय मनात आलं होतं, तेसुद्धा.

धाकटी ओली चादर हातात धरून उभी राहिली. "खरंच? माझ्या त्या नरकाचा हेवा?"

"हो गं."

"बाई बाई! आधी सांगायचं नाही का? निम्मी दिली असती." मग तिचा आवाज उतरला. "मला तुझा वाटायचा ताई. तू नोकरीला जायचीस, ताठ चालायचीस. मी आपली पलंगावर."

मोठीने चादरीचं दुसरं टोक धरलं, दोघींनी ती पिळली, आणि पाण्याची धार दोघींच्या पायांवर पडली तशा दोघी एकदमच मागे सरकल्या.