एका कापाने सुटत नाही

संयुक्त महाराष्ट्र होऊन पंधरा वर्षं झाली होती. परळच्या प्रयोगशाळेत कमल तांडेलची पीएचडीची तोंडी परीक्षा रंगात आली होती.

"जिवाणूचा डीएनए जिवाणूपेक्षा शेकडो पट लांब. मग आत मावतो कसा?" परीक्षक ठाकूरसरांनी खोचकपणे विचारलं.

कमलने सोबत आणलेल्या सुतळीचं एक टोक सरांना धरायला दिलं, दुसऱ्या टोकाला भरपूर पीळ घालून हात सरांच्या हाताजवळ नेला. सुतळी स्वतःभोवतीच वेटाळून आखूड झाली.

सरांनी टेबलावरची कात्री उचलून आपल्या बाजूला काप दिला. "एक काप, सगळं सुटलं."

सरांकडचा पीळ उलगडला. कमलकडचा जागचा हलला नाही, कारण सुतळी तिने मधोमध दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरली होती.

"डीएनएलाही जागोजागी अशा चिमट्या असतात, सर. पुढचा प्रश्न?"