तलवारवाला गड्डीत नाही

मी तलवारींचा घोडेस्वार बोलतोय. टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांच्या, गड्डीतला एक पत्ता. आवाज दबका येत असेल, पण काय करणार? छातीवर शिलाई मशीनचा पाय आहे.

मावशी कपडे शिवते आणि फावल्या वेळात पत्ते वाचते. नव्याने प्रेमात पडलेल्या पोरी माप द्यायच्या निमित्ताने यायच्या आणि हळूच विचारायच्या, "मावशी, कुठवर जाईल हे?"

"कुठवर ते नंतर. आधी वेग बघू," म्हणत मावशी गड्डी पिसायची.

घोळ व्हायचा तो माझा आणि पेलेवाल्याचा, म्हणजे गड्डीतल्याच पेल्यांच्या घोडेस्वाराचा. दोघेही चिलखतात, दोघांचेही घोडे फिकट रंगाचे. मावशी सांगायची, "रंग नको, पाय बघ." पेलेवाल्याचा घोडा मान तुकवून, एक पाय उचलून सावकाश चालतो. हातातला पेला हिंदकळायला नको ना! समोर नदी. असा माणूस विचारत, थांबत, मन सांभाळत जवळ येतो. त्याचं गोड बोलणं तेवढं पारखून घ्यायचं. माझा घोडा चौखूर उधळलेला. तलवार वर, झाडं वाऱ्याने वाकलेली, ढग फाटलेले. माझ्यासारखा माणूस आला की शपथा, लग्न, सगळं आठवड्यात. आणि जातोही त्याच वेगाने. मी वाईट नाही हो, पण माझ्या जिवावर बस्तान मोडू नये.

मग मावशीच्याच दारात बटणवाला आला. दुकानोदुकान बटणं विकणारा. दुसऱ्या भेटीत "तुझ्याशिवाय करमत नाही", तिसऱ्या भेटीत "दुकान सोड, माझ्या शहरात चल". मावशीने स्वतःसाठी पत्ता काढला. निघालो मी!

तिने मला नीट पाहिलं. मग वाकलेल्या झाडांवर आणि घोड्याच्या पायांवर अंगठा ठेवून पुटपुटली, "पांढरा घोडा. पेलेवालाच आहे."

अगं बाई, जगाला पाय बघायला शिकवलंस ना? पण पत्त्याचं कोण ऐकतं!

त्याच्या शब्दावर मावशीने दुकान सोडलं. बटणवाला तर स्टेशनावर आलाच नाही. भाड्याच्या खोलीत मशीन डगमगायला लागलं, तेव्हा तिने मलाच उचललं. "मेल्या, तूच घात केलास," म्हणाली, घडी घातली आणि मशीनच्या पायाखाली सारलं. खरं बोलल्याचं बक्षीस!

आज तिची भाची आली, तीही नव्याने प्रेमात पडलेली. मावशीने पत्ता काढला. पेलेवाला.

"निवांत माणूस आहे गं," मावशी म्हणाली.

"पण मावशी, तो याच आठवड्यात लग्न करू म्हणतोय. नोकरी सोडायलाही सांगतोय."

मावशीचा हात थांबला. नजर खाली, माझ्याकडे आली. गड्डीत मी नाही, म्हणजे मी निघणं शक्यच नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मला बाहेर काढायचं तर बटणवाल्याचं सगळं सांगावं लागेल.

"घोडा चालतोय ना? मग झालं तर," ती म्हणाली.

पोरी, खाली वाक. फक्त एकदा मशीनच्या पायाखाली बघ. माझ्या घोड्याचे पाय बघ.

भाची हसत उठली. मावशीने पायडलवर पाय ठेवला आणि मशीन पुन्हा सुरू झालं. अजिबात डगमगत नाही आता.