नकार लेखी द्यावा

पुण्याच्या हेड ऑफिसकडून एचआरचं सर्क्युलर आलं. रजा, घरून काम, खर्चाची भरपाई, सगळं मिळून चाळीसेक पानं. वाचणार कोण? आमच्या मॅनेजरनी, राजवीर सरांनी, ते माझ्या गळ्यात मारलं. "अनुजा, टीमला कळेल असं एका मेलमध्ये बसव."

बसवलं. आजारपणाची रजा दोन दिवसांच्या वर गेली तर डॉक्टरचं सर्टिफिकेट. इंटरनेटचं बिल स्वतःच्या नावावर असेल तरच पैसे परत. घरून कामाचा अर्ज मॅनेजरकडे. नकार द्यायचा तर कारणासह लेखी द्यावा, आणि त्यावर एचआरकडे दाद मागता येईल. मसुदा सरांना दिला आणि दोन दिवस गगनबावड्याला भावाच्या साखरपुड्याला गेले. मागे सरांनी तो 'जरा छोटा' करून माझ्या नावानं सगळ्यांना पाठवला.

परत आले तर शेजारच्या टेबलावर आफशीन राजीनामा टाइप करत होती. बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर आलेली. रोज पेठ वडगावहून येणं, आणि घरी बाळाला सांभाळायला कुणी नाही.

"सोडतो मी नोकरी," ती म्हणाली. "घरनं काम मागितलं तर सर तोंडावरच न्हाय म्हणाले. आणि तुझ्या मेलमध्ये बी तसंच हाय की."

मी मेल उघडला. 'घरून काम: मॅनेजरच्या मर्जीनुसार. निर्णय अंतिम.' खाली माझं नाव!

तळपायाची आग मस्तकात गेली. "पाठवू नकोस," एवढंच तिला म्हणाले आणि तडक केबिनमध्ये शिरले.

"सर, हे मी लिहिलेलं नाही."

"अगं, सारांश म्हणजे छोटंच करायचं असतं."

"मग सर्टिफिकेटची अट बरी शाबूत राहिली! कात्री नेमकी आमच्याच बाजूला कशी लागली?"

"एकाला कारण दिलं की उद्या सगळे कारणं मागत बसतील," सर म्हणाले. लाज नाही, काही नाही.

मी जागेवर येऊन सगळ्यांना 'दुरुस्ती' म्हणून मेल टाकला. सर्क्युलरचा तो परिच्छेद जसाच्या तसा, पान क्रमांकासकट, एचआरला प्रत. आफशीननं राजीनामा पुसला आणि रीतसर अर्ज केला.

आता सरांना नकाराचं कारण लिहिणं भाग होतं. केबिनच्या काचेतून दिसत होतं, टाइप करत होते, खोडत होते. मध्येच चहा मागवला. पुन्हा टाइप केलं, पुन्हा खोडलं. संध्याकाळी आफशीनच्या स्क्रीनवर एकच शब्द आला: मंजूर.

मला वाटलं, ती हसेल. पण ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी कडाडली,

"म्हंजे कारण नव्हतंच की! मग मी नोकरी सोडून चाललोतो ते कशापायी?"